सगळी ओटीटी ॲप्स बारा महिने कशाला? आलटून-पालटून घेतली तर किती वाचतात, त्याचा वर्षभराचा हिशोब

रात्री जेवणं झाल्यावर फोनवर बँकेचा मेसेज येतो. ४९९ रुपये वजा झाले. मग घरात प्रश्न फिरतो, "या महिन्यात नेटफ्लिक्सवर कुणी काय बघितलं?" मुलगी म्हणते, परीक्षा होती. आई म्हणते, मी तर प्राइमवर होते. बाबा क्रिकेट बघत होते आणि ते तिसऱ्याच ॲपवर. म्हणजे महिनाभर एकानेही न उघडलेल्या ॲपचे पैसे गेले. पुढच्या महिन्यात त्याच तारखेला पुन्हा जाणार.

गावी जाताना आपण पेपरवाल्याला सांगतो, "आठ दिवस पेपर टाकू नका." दूधवाल्यालाही सांगतो. ओटीटीच्या बाबतीत हे सुचत नाही, कारण दारात पेपर साचलेला दिसतो, न बघितलेलं ॲप कुठेच साचत नाही.

यावर उपाय सोपा आहे. सगळी ॲप्स एकदम चालू ठेवायची नाहीत. एक महिना हे, पुढचा महिना ते, मधे एखादा महिना काहीच नाही. पण हे करायला घेतलं की बऱ्याच घरांत दोन महिन्यांत मोडतं. कारण कोणतं ॲप फिरवायचं, कोणतं फिरवायचं नाही आणि कुठल्या तारखेला घ्यायचं, हे ठरवलेलं नसतं.

आधी बघा, घरात कोण काय बघतं

घरात बघितलं जाणारं सगळं एकसारखं नसतं. काही गोष्टी शिळ्या होतात, काही होत नाहीत. पाळी कशाची लावायची, हे त्यावर ठरतं.

रोजची मालिका घ्या. आठवड्याला सहा भाग धरले तर तीन महिन्यांत सत्तरच्या वर भाग साठतात. जाहिराती वगळून एक भाग वीस-बावीस मिनिटांचा धरला, तरी पंचवीस तास होतात. तीन महिन्यांनी ॲप घेऊन ते सगळं बघायचं, असं कुणी करत नाही. शिवाय मालिकेची मजा त्या दिवशी बघून दुसऱ्या दिवशी शेजारी बोलण्यात असते. त्यामुळे घरातल्या आजी मालिका फोनवर बघत असतील तर त्यांचं ॲप फिरवायचं नाही. ते कोणतं, हे चॅनेलवर ठरतं. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर येतात, झी मराठीच्या झी५ वर, सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर. आजी केबलवर किंवा डिशवर बघत असतील तर प्रश्नच नाही. चॅनेलचे पैसे आधीच भरलेले आहेत, त्याच मालिकेसाठी ॲपला पुन्हा देण्यात अर्थ नाही. हा दुहेरी खर्च अनेक घरांत नकळत चालू असतो.

दुसरा प्रकार मोसमी. क्रिकेट त्यात सगळ्यात मोठं. आयपीएल जूनमध्ये बघण्यात काही उरत नाही, सामना त्या संध्याकाळीच बघायचा असतो. पण त्याचा मोसम आधीपासून ठाऊक असतो, साधारण मार्चच्या शेवटापासून मेअखेर. म्हणजे या ॲपचे पैसे वर्षाचे नाही, मोसमाचे द्यायचे.

तिसरा प्रकार म्हणजे साठवता येणारं. वेब सीरिजचा आख्खा सीझन, सिनेमे, डॉक्युमेंटरी. 'पाताल लोक'चा दुसरा सीझन जानेवारीत बघितला काय आणि जुलैत बघितला काय, तो तोच असतो. पाळी लावायची ती याच ॲप्सची.

यात एक मधली जात आहे. जिचा शेवट आधी कळला तर मजा जाते अशी सीरिज. रील्समधून, मीम्समधून दोन दिवसांत सगळं फुटतं. घरातल्या कॉलेजच्या मुलांसाठी ही अडचण खरी असते, तिला हसण्यावारी नेऊन चालत नाही. अशा सीरिजची तारीख धरून महिना घ्यायचा. त्या ॲपवरचं बाकीचं साठलेलं त्याच महिन्यात उरकायचं.

सीझन तुकड्यांत आला तर?

ओटीटी कंपन्यांनाही ठाऊक आहे की लोक एका महिन्यापुरते येतात आणि सगळं बघून जातात. त्यामुळे मोठ्या सीरिज आता अनेकदा तुकड्यांत येतात.

'स्ट्रेंजर थिंग्ज'चा शेवटचा सीझन बघा. भारतात पहिला तुकडा २७ नोव्हेंबर २०२५ ला आला, दुसरा २६ डिसेंबरला आणि शेवटचा भाग १ जानेवारी २०२६ ला. जो २७ नोव्हेंबरला ॲप घेऊन बसला, त्याचा महिना २६ डिसेंबरच्या आसपास संपला. दुसरा तुकडा कसाबसा पदरात पडला, पण एका शेवटच्या भागासाठी पुढच्या महिन्याचे ४९९ रुपये द्यावे लागले. जो १ जानेवारीपर्यंत थांबला, त्याला एकाच महिन्यात आठही भाग मिळाले. महिनाभर सोशल मीडियापासून जपून राहणं जमत असेल तर ४९९ रुपये वाचतात. ज्याला जमत नसेल त्याने दोन महिन्यांचे द्यावेत, पण ठरवून द्यावेत.

दर आठवड्याला एक भाग देणाऱ्या सीरिजचंही तसंच. आठ भागांची सीरिज म्हणजे सात आठवडे. पहिल्या भागाच्या दिवशी महिना घेतला तर दोन महिन्यांचे पैसे जातात, शेवटच्या भागाच्या दिवशी घेतला तर एकाचे.

सिनेमाच्या बाबतीत वेगळं गणित असतं. मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांचा आग्रह असल्याने हिंदी सिनेमा बहुतेक वेळा थिएटरनंतर आठ आठवड्यांनी ओटीटीवर येतो. 'छावा' १४ फेब्रुवारी २०२५ ला थिएटरात लागला आणि ११ एप्रिलला नेटफ्लिक्सवर आला. मोजून बघा, बरोबर छप्पन्न दिवस. दाक्षिणात्य सिनेमे बऱ्याचदा याहून लवकर, महिन्याभरातही येतात. सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांमध्ये ओटीटी कंपनीचं नाव अनेकदा दिसतं, ते लक्षात ठेवलं की तो कुठे येणार आणि साधारण कधी येणार, याचा अंदाज आधीच बांधता येतो.

एक घर, एक वर्ष

डोंबिवलीतलं एक चौघांचं घर समजा. बाबांना क्रिकेट, आईला हिंदी वेब सीरिज, कॉलेजच्या मुलीला नेटफ्लिक्स. आजी मालिका केबलवरच बघतात. घरात एक टीव्ही आणि मुलीचा लॅपटॉप, म्हणजे दोन स्क्रीन. २०२५ मध्ये या घराने काय केलं असतं तर किती खर्च आला असता, ते बघू.

आधी सगळं बारा महिने चालू ठेवल्याचा हिशोब. नेटफ्लिक्सचा दोन स्क्रीनचा स्टँडर्ड प्लॅन महिन्याला ४९९ रुपये. भारतात नेटफ्लिक्सला वार्षिक प्लॅन नाही, त्यामुळे वर्षाचे ५,९८८. ॲमेझॉन प्राइमचं वर्ष १,४९९. जिओहॉटस्टार फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झालं, तेव्हा त्याचा दोन उपकरणांचा, जाहिरातींसह असलेला सुपर प्लॅन वर्षाला ८९९ आणि तीन महिन्यांना २९९ होता. एकूण ८,३८६ रुपये.

आता पाळी लावून बघू. जानेवारीत 'पाताल लोक'चा दुसरा सीझन १७ तारखेला आला. आईसाठी प्राइमचा एक महिना, २९९ रुपये. त्यात आधीचं राहिलेलं बरंच बघून झालं. १७ फेब्रुवारीच्या सुमारास प्राइम बंद. पुढे महिनाभर काहीच नाही, तसाही तो मुलीच्या परीक्षेच्या तयारीचा काळ.

२२ मार्चला आयपीएल सुरू झाली. जिओहॉटस्टारचे तीन महिने, २९९ रुपये. इथे तीन महिने घेण्याचा फायदा नंतर कळला. त्या वर्षी मे महिन्यात भारत-पाकिस्तान तणावामुळे स्पर्धा आठवडाभर थांबवली गेली आणि २५ मेला ठरलेला अंतिम सामना ३ जूनला झाला. ज्यांनी काटेकोर मापून घेतलं असतं, ते शेवटच्या आठवड्यात अडकले असते. मोसमी ॲप घेताना थोडी ढिलाई ठेवावी, ती अशासाठी.

अर्थात हे २९९ देण्याआधी एक गोष्ट तपासायची होती, घरातल्या मोबाइलचं रिचार्ज. मार्च २०२५ मध्ये जिओने २९९ किंवा त्याहून मोठ्या रिचार्जवर ९० दिवस जिओहॉटस्टार दिलं होतं. घरात एक जरी जिओचा नंबर असता आणि ते रिचार्ज तसंही करायचंच असतं, तर क्रिकेटचा खर्च शून्य झाला असता. मोबाइल आणि ब्रॉडबँड कंपन्यांच्या अनेक प्लॅनमध्ये एखादं ओटीटी आधीच असतं आणि लोक तेच ॲप वेगळे पैसे देऊन घेतात. महिना विकत घेण्याआधी रिचार्जचा तपशील उघडून बघायला दोन मिनिटं लागतात.

११ एप्रिलला नेटफ्लिक्सवर 'छावा' आला. मार्चमध्ये आलेली 'अडोलसन्स' आणि जानेवारीतली 'ब्लॅक वॉरंट' ही यादीत होतीच. एक महिना, ४९९ रुपये.

जूनअखेरीस गाठ पडली. २४ जूनला प्राइमवर 'पंचायत'चा चौथा सीझन आणि २७ जूनला नेटफ्लिक्सवर 'स्क्विड गेम'चा शेवटचा. एकाच आठवड्यात दोन्ही. अशा वेळी दोन्ही ॲप्स घेतली जातात आणि बेत तिथेच फिसकटतो. इथे वर सांगितलेला निकष कामी येतो. 'स्क्विड गेम'मध्ये कोण जिंकलं हे मुलीला दोन दिवसांत कुणीतरी सांगणारच. 'पंचायत'मध्ये फुलेऱ्याची निवडणूक कोण जिंकतं हे कळलं तरी फारसं बिघडत नाही, ती मालिका त्या गावातल्या माणसांसाठी बघायची. त्यामुळे २७ जूनपासून नेटफ्लिक्स, ४९९. ते संपल्यावर जुलैअखेर प्राइम, २९९. आईला महिनाभर थांबावं लागलं, म्हणून पुढच्या वेळी गाठ पडली तर पाळी तिची.

ऑगस्टमध्ये नेटफ्लिक्सवर 'वेन्सडे'चा दुसरा सीझन आला, तोही दोन तुकड्यांत, ६ ऑगस्ट आणि ३ सप्टेंबर. शिवाय २७ ऑगस्टला गणपती. त्या दहा दिवसांत कोण बघतंय? १८ सप्टेंबरला 'बॅड्स ऑफ बॉलिवूड' आली, त्या दिवशी नेटफ्लिक्सचा महिना घेतला आणि दोन्ही सीरिज त्यात बसल्या. ४९९ रुपये.

सप्टेंबरमध्ये बाबांची मात्र पंचाईत झाली. आशिया कप जिओहॉटस्टारवर नव्हता, त्याचे हक्क सोनीकडे होते. क्रिकेट म्हणजे एकच ॲप, असं नसतं, हक्क स्पर्धेगणिक बदलतात. या घरात केबलवर सोनीचं स्पोर्ट्स चॅनेल होतं म्हणून नवं ॲप घ्यावं लागलं नाही. नसतं, तर सोनीलिव्हचा एक महिना या हिशोबात वाढला असता.

दिवाळीत पाहुणे, फराळ आणि टीव्हीवरचे सिनेमे. २१ नोव्हेंबरला 'द फॅमिली मॅन'चा तिसरा सीझन, प्राइमचा एक महिना, २९९. 'स्ट्रेंजर थिंग्ज'साठी मुलीने १ जानेवारीपर्यंत दम धरला, तो खर्च पुढच्या वर्षात.

बेरीज अशी झाली. नेटफ्लिक्स तीन महिने १,४९७. प्राइम तीन महिने ८९७. जिओहॉटस्टार २९९. एकूण २,६९३ रुपये. सगळं बारा महिने ठेवलं असतं तर ८,३८६. फरक ५,६९३ रुपयांचा.

पण यातले खरे पैसे कुठे वाचले?

या ५,६९३ पैकी ४,४९१ रुपये एकट्या नेटफ्लिक्सने वाचवले. प्राइममध्ये फक्त ६०२ वाचले, जिओहॉटस्टारमध्ये ६००. म्हणजे सगळी ॲप्स सारख्याच उत्साहाने फिरवण्यात अर्थ नाही. ज्याला स्वस्त वार्षिक प्लॅन नाही आणि ज्याचा महिना महाग आहे, ते आधी फिरवायचं.

प्राइमचं गणित वेगळं आहे. महिना २९९, तीन महिने ५९९, वर्ष १,४९९. पाच सुटे महिने घेतले की १,४९५ होतात. वर्षात पाच महिन्यांपेक्षा जास्त लागत असेल तर वार्षिकच घ्यावं. सलग दोन महिने लागणार असतील तर ५९८ ऐवजी ५९९ देऊन तिसरा महिना जवळजवळ फुकट मिळतो. शिवाय प्राइममध्ये फक्त सिनेमे नसतात, सामानाची मोफत डिलिव्हरीही असते. ज्या घरात दर आठवड्याला पार्सल येतं, तिथे वर्षाला ६०० वाचवायला प्राइम बंद करणं म्हणजे उरलेल्या नऊ महिन्यांत डिलिव्हरीचे पैसे भरत बसणं. अशा घराने ते बारा महिने ठेवावं. मात्र १७ जून २०२५ पासून प्राइम व्हिडिओवर जाहिराती येतात. त्या नको असतील तर महिन्याला १२९ किंवा वर्षाला ६९९ वेगळे. पाळी लावणाऱ्याने ही जोड वर्षाची घेऊ नये.

दुसरी गोष्ट प्लॅनच्या पायरीची. डोंबिवलीच्या घराला दोन स्क्रीन लागत होत्या, म्हणून ४९९ चा प्लॅन. एकाच टीव्हीवर सगळे मिळून बघत असतील तर नेटफ्लिक्सचा १९९ चा बेसिक प्लॅन टीव्हीवर चालतो. चित्र ७२० पिक्सेलचं असतं. ३२ इंची टीव्हीवर फारसा फरक जाणवत नाही, ५५ इंचीवर जाणवतो. तीन महिन्यांचे ५९७ रुपये. १४९ चा मोबाइल प्लॅन मात्र टीव्हीवर चालत नाही, तो घेऊन फसलेले बरेच जण असतात. आणि ६४९ चा प्रीमियम ४के टीव्ही असल्याशिवाय किंवा चार जण एकाच वेळी वेगवेगळं बघत असल्याशिवाय घेण्यात हशील नाही.

महिना कधी घ्यायचा?

घरात कुणी "ते बघायचंय" म्हटलं की लगेच ॲप घ्यायचं नाही, यादीत लिहायचं. फ्रिजवरचा कागद, कॅलेंडरची मागची बाजू, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये पिन केलेला मेसेज, काहीही चालेल. नावापुढे ॲपचं नाव आणि साधारण किती तास तेही लिहावं.

तास कशाला? रोज रात्री एक तास आणि शनिवार-रविवारी थोडं जास्त, असं धरलं तर एका घराचे महिन्याला पंचवीस-तीस तास होतात. पाऊण तासाच्या आठ भागांचा सीझन म्हणजे सहा तास. 'छावा' दोन तास एक्केचाळीस मिनिटांचा. त्यामुळे एखाद्या ॲपच्या नावापुढे बारा-पंधरा तास साठले की त्याचा महिना घेणं परवडतं. एकाच सिनेमासाठी महिना घेण्याआधी तो भाड्याने मिळतो का ते बघावं. प्राइम व्हिडिओवर काही सिनेमे सदस्यत्व नसतानाही भाड्याने घेता येतात. साधारणपणे तीस दिवसांत सुरू करायचा आणि सुरू केल्यावर ४८ तासांत संपवायचा, अशी मुदत असते.

महिना संपायच्या तीन दिवस आधी घरात विचारून घ्यावं, कुणाचं काही अर्धवट राहिलंय का. हे न विचारता ॲप बंद पडलं की शेवटचे दोन भाग राहिलेला माणूस भडकतो आणि पुन्हा महिना घेतला जातो. प्रवासासाठी डाउनलोड केलेले भागही सदस्यत्व संपल्यावर उघडत नाहीत. रात्रीच्या गाडीसाठी भरून ठेवलेले भाग बोरिवली सुटल्यावर चालत नाहीत, तेव्हा हे कळून उपयोग नसतो.

घेतलं त्याच दिवशी बंद करा

या सगळ्या बेतात सर्वात जास्त पैसे जातात ते बंद करायला विसरल्याने. त्यामुळे ज्या दिवशी महिना घेतला, त्याच दिवशी पुढचं नूतनीकरण रद्द करून टाकायचं. नेटफ्लिक्सवर ॲपऐवजी ब्राउझरमध्ये खातं उघडून `Cancel Membership` दाबलं तरी भरलेल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत सगळं चालू राहतं. प्राइम आणि जिओहॉटस्टारवरही नूतनीकरण थांबवता येतं. रद्द केल्यावर स्क्रीनवर किंवा ईमेलमध्ये 'अमुक तारखेपर्यंत बघता येईल' असं येतं. ती तारीख वाचल्याशिवाय पान बंद करू नये, आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा. मोफत चाचणी किंवा सवलतीच्या योजनांत रद्द करताच सेवा तिथल्या तिथे थांबू शकते, म्हणून तिथे ती ओळ जास्त नीट वाचावी.

फोनमधून ॲप काढून टाकल्याने काहीही रद्द होत नाही. लॉगआउट केल्यानेही नाही. पैसे कापण्याची परवानगी ॲपमध्ये नसते, ती तुम्ही पैसे भरताना तीनपैकी एका ठिकाणी दिलेली असते. यूपीआयने भरले असतील तर यूपीआय ॲपमधल्या `AutoPay` किंवा `Mandates` या भागात. कार्डाने भरले असतील तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे. फोनच्या गुगल प्ले किंवा ॲपल ॲप स्टोअरमधून घेतलं असेल तर त्या स्टोअरच्या सबस्क्रिप्शनच्या यादीत, आणि मग रद्दही तिथूनच करावं लागतं. ओटीटीच्या ॲपमध्ये रद्द करण्याचं बटण सापडत नाही अशी तक्रार असते, तेव्हा बहुतेक वेळा ते स्टोअरमधून घेतलेलं असतं.

यूपीआयची यादी एकदा उघडून बघाच. तिथे प्रत्येक परवानगीपुढे कमाल रक्कम आणि मुदत दिसते. रक्कम तुमच्या प्लॅनच्या किमतीपेक्षा जास्त असू शकते आणि मुदत अनेक वर्षांची. दर वाढला तरी त्या मर्यादेत पैसे जाऊ शकतात, ते यामुळे. आधी ओटीटीच्या खात्यातून सदस्यत्व रद्द करायचं आणि मग इथे येऊन परवानगीही काढून टाकायची.

विसरलाच, तरी एक शेवटची संधी असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दर महिन्याला आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास तुम्हाला सूचना द्यावी लागते. ही व्यवस्था ऑक्टोबर २०२१ पासून सक्तीने लागू झाली. त्या सूचनेत कुणाला, किती आणि कधी पैसे जाणार हे असतं आणि तो व्यवहार नाकारण्याची सोयही द्यावी लागते. १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारांना ओटीपी लागत नाही, त्यामुळे ओटीटीचे पैसे न विचारता जातात. म्हणून 'उद्या ४९९ जाणार' हा मेसेज जाहिरातींच्या गर्दीत हरवू देऊ नका.

रद्द करताना दहा प्रश्न विचारले, बटण लपवलं, फोन करायला लावला, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये त्याला 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' म्हटलं आहे आणि तशा युक्त्यांना मनाई आहे. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. स्क्रीनशॉट इथे उपयोगी पडतात.

बंद केल्यावर काय काय जातं?

"बंद केलं तर माझी सगळी लिस्ट जाईल" ही मुलांची हमखास तक्रार. नेटफ्लिक्स सदस्यत्व संपल्यानंतर दहा महिने प्रोफाइल, आवडीची यादी आणि कुठपर्यंत बघितलं ते जपून ठेवतं. चार महिन्यांनी परत आलात तरी सीरिज सोडली तिथूनच सुरू होते. फक्त त्याच ईमेलने किंवा नंबरने परत यायचं, नवं खातं काढायचं नाही.

एक तोटा मात्र आहे. सिनेमे आणि परक्या निर्मात्यांच्या सीरिज ॲपवरून जातात, त्यांचे हक्क संपतात. ॲपने स्वतः काढलेल्या सीरिज सहसा तिथेच राहतात. त्यामुळे महिना घेतला की यादीतले सिनेमे आधी बघावेत, ॲपच्या स्वतःच्या सीरिज नंतर.

मावशीच्या किंवा भावाच्या घरचा पासवर्ड घेऊन भागवण्याचा जुना मार्ग आता अरुंद झालाय. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून भारतात एक खातं एकाच घरापुरतं, हा नियम लावायला सुरुवात केली. दोन घरांचं मिळून एक खातं, यावर वर्षाचा बेत बांधला तर ऐन सीरिजच्या मध्यात टीव्हीवर 'हे तुमचं घर नाही' अशी पाटी येऊ शकते.

दर इथे दिलेत ते २०२५ च्या हिशोबाचे आहेत. पैसे भरताना ॲपमधला त्या दिवसाचा दर बघा, आणि सुट्या महिन्याची किंमत वार्षिक किमतीत किती वेळा जाते ते मोजा. प्राइमसाठी तो आकडा पाच आला होता. तुमच्या ॲपसाठी तीन आला आणि घरात ते वर्षातून चार महिने लागत असेल, तर फिरवण्यापेक्षा वर्षाचे एकदम भरलेले बरे.